माझ्या पाळतीवरचा कॅमेरा

मला एका जागी उभं राहून शिकवता येत नाही. बारावीच्या भौतिकशास्त्राचा पहिलाच धडा वर्तुळाकार गतीचा. त्यात वळणावर रस्ता बाहेरच्या बाजूने उंच का ठेवतात हे सांगताना मी खिडकीपासून दारापर्यंत अख्खा घाट चढून उतरतो. कोणाची काही तक्रार नव्हती. मग गैरहजर मुलांसाठी तास रेकॉर्ड करायचं ठरलं आणि पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये निम्मा वेळ नुसता फळा आणि कुठूनशी येणारी आकाशवाणी!

संगणक विभागाच्या मॅडमनी उपाय काढला, ऑटो फ्रेमिंगवाला वेबकॅम. “सर, तुम्ही बिनधास्त फिरा, हा तुमच्या मागे येतो.”

तो मागेबिगे काही येत नव्हता. तो जागच्या जागीच बसून सगळी खोली टिपायचा आणि त्यातला माझ्याभोवतीचा तुकडा कापून मोठा करून दाखवायचा. फोर-के कॅमेऱ्यात चित्र ३८४० ठिपके रुंद असतं, म्हणजे निम्म्या रुंदीचा तुकडा कापला तरी १९२० ठिपके, म्हणजे फुल एचडी हाती राहतं. आमच्या वाट्याला आलेला कॅमेरा मुळातच १९२० चा. त्यातला एक तृतीयांश रुंदीचा तुकडा घेतला की हाती ६४०. मी दिसायचो, पण माझ्या मागे फळ्यावरच्या tanθ मधला थीटा आहे की चिरडलेला डास, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

शिवाय त्याला माणूस चेहऱ्यावरून कळायचा. मी लिहायला फळ्याकडे वळलो की त्याच्या लेखी मी वर्गातून निघून गेलो. मग तो दुसरा चेहरा शोधू लागे. फळ्याच्या वर सावित्रीबाईंची तसबीर आहे. सूत्राची अख्खी सिद्धता त्या तसबिरीवर रेकॉर्ड झाली. कॅमेऱ्याचं तरी काय चुकलं? सगळ्या वर्गात समोर बघत, न हलता असलेल्या त्या एकट्याच. तेवढ्यात मामा नोटिशीची वही घेऊन आले, तर याने चौकट रुंदावून आम्हा दोघांना शेजारीशेजारी बसवलं, साखरपुड्याच्या फोटोसारखं.

मग आला मोटारवाला कॅमेरा. हा खरोखरच मान वळवतो आणि चेहरा नाही दिसला तरी अंगलटीवरून ओळख धरून ठेवतो, त्यामुळे पाठ फिरवायची सोय झाली. पण हा फारच इमानी निघाला. मी पाऊलभर सरकलो की हा सरकणार. आणि कॅमेरा वळला की चित्रातला कणन् कण बदलतो. एरवी व्हिडिओ फक्त बदललेला भाग साठवून काम भागवतो. सगळंच बदललं की ठरलेल्या मापात ते मावत नाही आणि बारीक रेघा आधी पुसट होतात. मी थांबलो की क्षणभराने फळा पुन्हा स्पष्ट व्हायचा, पण तोवर मी कुठला थांबायला! एका मुलीने प्रामाणिकपणे सांगितलं, “सर, तुमचा व्हिडिओ बघताना गाडी लागते.” घाटाचा धडा इतका हुबेहूब आजवर कोणी शिकवला नसेल.

मॅडमनी मग सेटिंगमध्ये डोकं घातलं. चौकट एवढी रुंद केली की जवळजवळ सगळा फळा मावेल आणि मी त्यात इकडून तिकडे फिरलो तरी कॅमेऱ्याने ढिम्म राहायचं. चौकटीच्या कडेला पोचलो तरच हलायचं, तेही सावकाश. वरची कडा तसबिरीखाली घेतली. बाकांच्या रांगांमध्ये पाठलाग बंद, कारण तिथे चेहऱ्यांच्या गर्दीत तो मला सोडून भलत्याच कोणाला तरी धरतो. तपासायची युक्तीही साधी होती. आवाज पूर्ण बंद करून व्हिडिओ बघायचा. नुसत्या चित्रावरून फळा वहीत उतरवता आला, तर जमलं. माझ्या मते मुलांना माझं तोंड कमी आणि फळा जास्त लागतो, आणि हे कॅमेरा बनवणाऱ्यांना कोणीतरी कळवायला हवं. त्यांनी हा प्राणी एका खुर्चीत बसून मीटिंग करणाऱ्यांसाठी घडवलेला दिसतो.

आता सगळं सुरळीत आहे. दाराजवळच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याची हद्द संपते. तिथे जाऊन मी चष्मा पुसतो, घोटभर पाणी पितो आणि अडलेली पायरी हळूच वहीत बघून येतो. परवा गैरहजर मुलांपैकी एकाने विचारलं, “सर, तुम्ही दाराकडे गेलात की पानं उलटल्याचा आवाज येतो, तो कसला?”

कॉलरच्या माइकला हद्द नसते, हे मॅडमनी सांगितलंच नव्हतं.