सध्याचा पगार विचारला तर? त्या फॉरवर्डला उत्तर

"रिक्रूटरने सध्याचा पगार विचारला तर आकडा कधीच सांगू नका. असं विचारणं बेकायदेशीर आहे. 'गोपनीय आहे' म्हणा. फारच मागे लागला तर ३० टक्के फुगवून सांगा, कोणी तपासत नाही."

आधी कायद्याचं बघू. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०१८ पासून उमेदवाराला जुना पगार विचारायला बंदी आहे. युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन-पारदर्शकता निर्देशातही तशीच तरतूद आहे. भारतात मात्र असा कायदा नाही. त्यामुळे पुण्यातल्या कंपनीच्या एचआरला फोनवर कायदा ऐकवलात, तर पुढचा फोन येणार नाही, एवढंच होईल.

'गोपनीय आहे' हे उत्तर का चालत नाही, ते कन्सल्टंट कसं काम करतात हे बघितलं की कळतं. त्यांच्याकडे एक एक्सेल ट्रॅकर असतो. त्यात नाव, अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी आणि नोटीस पिरियड असे रकाने असतात. एखादा रकाना रिकामा असलेली ओळ कंपनीकडे बहुधा जातच नाही. शिवाय अनेकांनी नोकरीच्या पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये पगार स्वतःच भरलेला असतो आणि रिक्रूटर तो समोर ठेवूनच बोलत असतो. तेव्हा गुप्तता दाखवली की माणूस काहीतरी लपवतोय, असंच वाटतं.

आणि कन्सल्टंट हा तुमचा पगार पाडायलाच बसलेला असतो, असंही नाही. त्याची फी बहुतेक वेळा ठरलेल्या वार्षिक सीटीसीच्या टक्क्यांत असते, ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा नेहमीचा दर. त्याला मुख्यतः एवढंच बघायचं असतं, की तुम्ही कंपनीच्या बजेटमध्ये बसता का. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करावी: "मॅडम, या पदासाठी माझी अपेक्षा १६ ते १७ लाखांची आहे. तुमचं बजेट त्याच्या आसपास आहे का? असेल तर पुढचं बोलू." अनेकदा विषय इथेच मिटतो.

तरीही आकडा मागितला, तर खरा आकडा द्यावा, पण फोड करून. पाच वर्षं अनुभव असलेल्या एका टेस्टरचं उदाहरण घेऊ. कागदावर सीटीसी १२ लाख. त्यात व्हेरिएबल १ लाख २० हजार. बेसिक वर्षाला ६ लाख, त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ७२ हजार आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी सुमारे २९ हजार. हे सगळं वजा केलं की दरमहा हिशेबात येणारे उरतात साधारण ९ लाख ७९ हजार. त्यात गेल्या वर्षी व्हेरिएबलपैकी ८४ हजारच मिळाले. त्याने नुसतं "१२" म्हटलं तर पुढच्या ऑफरमध्ये व्हेरिएबल फुगवून १५ दाखवता येतात आणि दरमहा हातात फारसा फरक पडत नाही. त्याऐवजी: "सीटीसी १२ आहे, त्यात व्हेरिएबल १.२ आहे. मी तुलना फिक्स्डची करतोय, ते १५ च्या पुढे हवं." यात टाळाटाळ काहीच नाही, आणि घासाघीस कोणत्या आकड्यावर होणार, हे तो स्वतः ठरवतोय. पगार मुळातच बाजारापेक्षा कमी असेल तर तेही सरळ सांगावं आणि विचारावं, "तुमच्याकडे ऑफर पदाच्या बँडवर ठरते की सध्याच्या पगारावर टक्केवारी लावून?" टक्केवारी लावतात असं उत्तर आलं, तर आपला जास्तीचा आकडा तिथे अडणार हे पहिल्याच फोनवर कळतं आणि तीन राउंड वाचतात.

आता फुगवण्याचं. ऑफरच्या वेळी तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागतात, अनेक ठिकाणी बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६ सुद्धा. वरच्या टेस्टरच्या स्लिपवर बेसिक ५० हजार आणि पीएफ ६ हजार दिसतो, त्याने १५.६ सांगितले असतील तर त्याचं पितळ तिथेच उघडं पडतं. मला सगळ्यात काळजी वाटते ती उशिरा पकडलं जाण्याची. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन बऱ्याचदा राजीनामा दिल्यावर, नोटीस पिरियड चालू असताना होतं. तेव्हा ऑफर मागे घेतली गेली तर दोन्ही नोकऱ्या हातच्या जातात. एप्रिलची वाढ ठरली असेल तर ती जरूर सांगावी, पण पत्र हातात आल्यावरच.

मेसेज लिहिणाऱ्याची भीती खोटी नाही. कमी पगाराचा आकडा पुढच्या नोकरीपर्यंत पिच्छा पुरवतो. म्हणूनच स्लिप पहिल्या फोननंतर व्हॉट्सअॅपवर पाठवू नये. "निवड झाली आणि ऑफरचा आकडा ठरला की कागद देतो" असं म्हणावं. कागद देताना कंपनीचा अधिकृत मेल आयडी बघावा आणि बँक खात्याचा नंबर झाकावा. नेमणूकपत्रात पगार उघड न करण्याचं कलम असेल तर तेही आधी वाचून घ्यावं.