खोक्यावर लिहिलेलं वाचू नका, पोराच्या हातात काय उरतं ते बघा

भाचीला दहावं वर्ष लागलं तेव्हा बहिणीने एकच सांगितलं, "ताई, आता बाहुल्या-बिहुल्या नको. डोकं चालेल असं काहीतरी आण." मी उत्साहाने दोन खोकी आणली. एकावर 'तर्कशक्ती, एकाग्रता, नियोजन' असं चमकत्या अक्षरांत, दुसऱ्यावर '100 हून अधिक प्रयोग'. पहिल्यात फासा टाकायचा, आकडा येईल तितकी घरं पुढे जायचं आणि घरावर लिहिलेलं करायचं. दोन डाव झाल्यावर माझ्या लक्षात आलं की या खेळात भाचीने एकदाही काही ठरवलेलं नाही. सगळं फाशाने ठरवलं होतं. तिच्या जागी मांजर बसवलं असतं तरी तेवढ्याच वेळा जिंकलं असतं.

तेव्हापासून मी खोक्यावरची कौशल्यांची यादी वाचणं सोडलं. कुठलाही खेळ हातात आला की एकच बघते: आपली पाळी आल्यावर मुलाला खरोखर किती पर्याय असतात, आणि चुकलं तर का चुकलं हे त्याला स्वतःला शोधता येतं का? दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. नुसतं हरणं म्हणजे काही शिकणं नव्हे.

उदाहरण म्हणून 'मास्टरमाइंड' घेते. 1970 च्या दशकात आलेला, छोट्या रंगीत खुंट्यांचा खेळ. एकाने पडद्याआड चार खुंट्यांची ओळ लपवायची, रंग सहा. दुसऱ्याने अंदाजाची ओळ लावायची. रंग आणि जागा दोन्ही बरोबर असेल तर काळी खूण, रंग आहे पण जागा चुकली तर पांढरी. कुठली खूण कुठल्या खुंटीसाठी हे सांगायचं नाही. रंग परत वापरायची मुभा असेल तर 1296 ओळी शक्य होतात. आम्ही सुरुवातीला 'एक रंग एकदाच' असं ठरवलं, म्हणजे 360.

भाचीची पहिली ओळ: लाल, निळा, हिरवा, पिवळा. मी एक काळी, एक पांढरी दिली. म्हणजे या चारातले दोन रंग आहेत, त्यातला एक जागेवर. आता गंमत बघा. एकूण रंग सहा, लपवलेले चार, त्यातले दोन या चारातून आले. मग उरलेले दोन, नारिंगी आणि जांभळा, हे असलेच पाहिजेत. न विचारता कळले! हे तिला तिसऱ्या डावात सुचलं आणि ती खुर्चीवर उभीच राहिली. (मी सांगितलं नव्हतं. जीभ चावून बसले होते.) त्या एका उत्तराने 360 शक्यतांच्या 48 झाल्या. जागेवर कोणता रंग याचे चार पर्याय, जागा चुकलेला कोणता याचे तीन, त्याला बसायला दोनच जागा, आणि नारिंगी-जांभळ्याच्या दोन मांडण्या. गुणाकार करून बघा.

पण खरं शिकणं पुढच्या ओळीत होतं. तिने लावलं: लाल, निळा, नारिंगी, जांभळा. मी खुणा देण्याआधी विचारलं, "ही ओळ उत्तर असू शकते का?" ती म्हणाली, "असेल की." मी म्हटलं, "समज हेच उत्तर आहे. मग तुझ्या पहिल्या ओळीला मी काय खुणा दिल्या असत्या?" ती पहिल्या ओळीवर बोट ठेवून पुटपुटत राहिली. मग एकदम, "दोन काळ्या! लाल आणि निळा दोन्ही जागेवर असते. पण तू एकच काळी दिलीस, मावशी." तिने निळी उचलून तिसऱ्या जागी नेली आणि नारिंगी दुसऱ्या जागी आणली. आता ती ओळ आधीच्या उत्तराशी भांडत नव्हती.

दहाव्या वर्षी बहुतेक मुलं इथेच अडतात. नवा अंदाज जुन्या उत्तराशी जुळतो का, हे उलट जाऊन तपासायचं त्यांना सुचत नाही. मुलाला खेळ जमतोय का हे मी तेवढ्यावरूनच ओळखते. किती ओळींत जिंकलं याला माझ्या लेखी फार किंमत नाही. (तरबेज खेळाडू मुद्दाम उत्तर नसलेली ओळही लावतात, फक्त माहिती काढायला. डोनाल्ड कनुथ या संगणकशास्त्रज्ञाने 1977 मध्ये दाखवलं की रंग परत आले तरी जास्तीत जास्त पाच ओळींत कोडं सुटतंच. पण अशी उत्तर नसलेली ओळ जाणूनबुजून लावलेली असते, आणि भाचीचं तसं नव्हतं.)

विकत घेण्याआधी हाच खेळ कागद-पेन्सिलीने तीन-चार दिवस खेळून बघता येतो. मुलाला कंटाळा आला तर खोकं आणायचंच नाही. एकट्याने खेळणाऱ्या मुलासाठी 'रश अवर' मला आवडतो: गर्दीतून लाल गाडी बाहेर काढायची, कार्डं सोप्यापासून अवघडपर्यंत लावलेली. तिथेही चूक बोर्डावरच दिसते, कुणी सांगावी लागत नाही.

आता विज्ञानाचं खोकं. त्या '100 हून अधिक प्रयोगां'ची पुस्तिका मी शेवटी नीट मोजली. दिवा बटणाने लावा, दिवा चुंबकाने लावा, दिव्याऐवजी भोंगा, भोंग्याऐवजी पंखा. एकच सर्किट, वेशांतर करून. शिवाय प्रत्येक पानाच्या तळाशी काय होणार ते आधीच छापलेलं. मग मुलाने करायचं काय, हमाली?

म्हणून मी प्रयोगांची संख्या सोडून आत काय सामान आहे त्याची यादी बघते. विजेच्या सर्किटच्या संचात मला किमान दोन सारखे, आतली तार तापून उजळणारे छोटे दिवे हवे असतात. एवढ्याशा गोष्टीचा हट्ट का, ते सांगते. एक दिवा लावायचा. मग मुलाला विचारायचं, याच्यापुढे एकाच ओळीत दुसरा तसाच दिवा जोडला तर काय होईल? भाची ठामपणे म्हणाली, "पहिला जास्त उजळेल, दुसरा मंद. पहिल्याने वीज वापरून टाकली ना." बहुतेक मुलं असंच म्हणतात, मोठी माणसंही. जोडून बघितलं तर दोन्ही सारखेच मंद. तिने दिव्यांची अदलाबदल केली, सेलची दिशा बदलली, काही फरक नाही. मग दोन दिवे शेजारी शेजारी, प्रत्येकाला स्वतंत्र वाट देऊन लावले, तर दोन्ही उजळ. ओळीतल्यापैकी एक काढला की दुसरा विझतो, शेजारच्यांपैकी काढला तर विझत नाही. एक संध्याकाळ गेली आणि पुस्तिका उघडलीच नाही.

संचात फक्त एलईडी असतील तर हा प्रयोग फसतो. लाल एलईडीला पेटायला साधारण 2 व्होल्ट लागतात. दोन साध्या सेलचे मिळून 3 व्होल्ट, त्यात दोन एलईडी ओळीत जोडले तर जवळजवळ पेटतच नाहीत. मुलाला वाटतं आपण बिघडवलं. आणि एलईडी उलटा जोडला तरी पेटत नाही, म्हणजे आणखी गोंधळ. एलईडी वाईट नाहीत, पण पहिल्या दिवशी नकोत.

बनवणाऱ्याबद्दल मी शिकले ते खुंट्यांमुळेच. पहिला मास्टरमाइंडसारखा संच मी घेतला तो खोक्यावर कंपनीचं नाव-पत्ता नसलेला होता. दिवसा ठीक. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी खुंट्या ओळखू येईनात. भाची उत्तराशी भांडायला लागली आणि तिचंच बरोबर निघालं, मीच खूण चुकीची दिली होती. ज्या खेळात सगळा आधार उत्तर खरं असण्यावर, तिथे रंग फसवे असतील तर संपलंच. ज्या मुलांना लाल-हिरवा फरक नीट दिसत नाही त्यांचे तर हाल. 'तिकीट टू राइड' या बोर्डगेमच्या पत्त्यांवर प्रत्येक रंगाला वेगळं चिन्हही असतं, असं काही दिसलं की कळतं कुणीतरी विचार करून बनवलंय.

मी आता खोकं घेण्याआधी घरबसल्या तीन गोष्टी करते. नियमपुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट वाचायला ठेवलीय का ते बघते. असली तर पूर्ण वाचते, अर्धे निर्णय तिथेच होतात. सुटा भाग मागवायची सोय आहे का ते शोधते. आणि रसायनांचा संच असेल तर पुड्यांवर रसायनाचं नाव आहे की नुसतं 'पावडर अ' हे फोटो मोठा करून बघते. नाव नसेल तर पुढे वाचतच नाही. युरोपात रसायनांच्या प्रयोगसंचांसाठी EN 71-4 हा वेगळाच निकष आहे, चांगले उत्पादक तो क्रमांक छापतात. कॉसमॉस ही जर्मन कंपनी 1922 पासून प्रयोगसंच काढतेय. स्नॅप सर्किट्स हे विजेचे संच काढणारी एलेन्को आणि कोडी-खेळ काढणारी रॅव्हन्सबर्गर यांच्याकडे हरवलेल्या तुकड्यांची दाद घेतली जाते. मोठं नाव असलं म्हणून प्रत्येक खोकं चांगलंच असं मात्र नाही, आणि नाव तेच पण विकणारा भलताच, अशा नकलाही पुष्कळ. विक्रेत्याचं नाव वेगळं वाचा.

वयाच्या आकड्यावर फार विसंबू नका. अमेरिकेत 12 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीच्या वस्तूंची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासणी करावी लागते. तो खर्च टाळायला काही छोटे प्रकाशक सोप्या खेळावरही 14+ छापतात. उलट बाजूने, मोठ्या मुलांच्या काही संचांत ताकदवान चुंबक किंवा बटणासारखे सेल असतात. घरात धाकटं भावंड असेल तर दहा वर्षांच्या मुलाला चालणारं खोकंही त्या घराला चालत नाही. गिळलं तर ते दोन्ही जिवावर बेततं.

परवा बहिणीचा फोन आला, सर्किटच्या मोटरचा पंखा हरवलाय. पुस्तिकेत भागाचा क्रमांक होता, तो टाकून मागवला. येईपर्यंत भाचीने पुठ्ठ्याचा पंखा कापून लावला. मोटर गरगर फिरली, पण वारा काही येईना. तिने पुठ्ठा चारदा बदलला, लहान, मोठा, जाड, पातळ. पाचव्यांदा तिने पाती हाताने थोडी पिळली, आणि टेबलावरचा कागद उडाला. नवा पंखा आलाय, पण ती तो लावू देत नाही म्हणे.