‘तेवढं व्हॉट्सअ‍ॅपचं बसवून द्या की’ला द्यायचं उत्तर

उदगीरच्या एका तरुण पोराने परवा मला एक मेल पाठवला. गिऱ्हाइकाला धाडण्याआधी एकदा नजर टाका म्हणाला. लातूरच्या एका आडत दुकानासाठी तो सॉफ्टवेअर करतोय. आवक, सौदा, वजन, शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची पट्टी, खरेदीदाराचं बिल, हमाली-तोलाई, रोजमेळ असं सगळं. ठरलेली रक्कम १,४०,००० रुपये आणि वर जीएसटी. चाळीस टक्के आगाऊ, चाळीस टक्के चाचणीनंतर आणि वीस टक्के दुकानात काम सुरू झाल्यावर. पहिले दोन हप्ते आले आहेत. २८,००० राहिलेत.

आणि अशा वेळी मुनीमजींचा फोन आला. फोन नेमका अशाच वेळी येतो, हा माझा अनुभव. "सर, सोयाबीन सुरू व्हायलंय. पट्टी शेतकऱ्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेली पाहिजे बघा. बाजूच्या दुकानातून जायलीय. तेवढं बसवून द्या की, काय लागतंय त्याला. आन् पट्टीवर पैसे येऊ देऊ नका, रुपयातच येऊ द्या. मग शेठ शेवटचा चेक काढतेत."

पोराचा मेल इंग्रजीत होता, दोन ओळींचा. "ॲज पर ॲग्रीमेंट धिस इज आऊट ऑफ स्कोप. काइंडली नोट." असा मेल आडतीवर पोचला की शेठ तो मुलाकडून वाचून घेतो, मुलगा म्हणतो की नाही म्हणतोय, आणि २८,००० तिथेच थांबतात. चूक काहीच लिहिलेलं नाही. पण शेठला पुढे काय करायचं हे त्यात कुठेच नाही, आणि थकलेल्या पैशाचा तर उल्लेखसुद्धा नाही.

मी त्याला आधी करारासोबतचं परिशिष्ट काढायला लावलं. त्यातला चौथा मुद्दा असा: ‘शेतकऱ्याची पट्टी तयार करणे व छापणे.’ माझी कसोटी साधी आहे. लिहिलेलं आहे आणि चालत नाही, तर तो दोष. फुकट आणि आधी दुरुस्त करायचा. लिहिलंय तसं चालतंय, पण आता वेगळं किंवा जास्त हवंय, तर तो बदल, त्याला पैसे. छापील पट्टी नीट निघते. व्हॉट्सअ‍ॅपचा शब्द कुठेच नाही. म्हणजे बदल.

पण मुनीमजींची दुसरी मागणी, रुपयांत पूर्णांक करण्याची, तीही लिहिलेली नव्हती. तरी मी म्हणालो, ती करून टाक. मोंढ्यात शेतकऱ्याच्या हातात पैसे पडतात ते रुपयांत. पट्टी छापायची म्हटल्यावर हे आपण विचारायला हवं होतं असं समोरचा म्हणेल, आणि ते खरंच आहे. कराराच्या शब्दांत धूसर जागा राहतातच. त्या जागेचा फायदा गिऱ्हाइकाला द्यावा, फक्त दिलाय हे मेलमध्ये लिहावं. म्हणजे खालचा नकार अडेलपणाचा वाटत नाही.

आता ‘काय लागतंय त्याला’ याचं उत्तर, कारण मुनीमजींचा प्रश्न खोडसाळ नाही. त्यांच्या मोबाईलवरून फोटो पाठवायला खरंच काही लागत नाही. सॉफ्टवेअरने आपोआप पाठवायचं असेल तर मात्र दुकानाचं खातं व्हॉट्सअ‍ॅपच्या मेटा कंपनीकडे व्यवसाय म्हणून जोडावं लागतं, संदेशाचा मसुदा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, आणि अशा मसुद्याच्या संदेशांना मेटा पैसे लावते. हा खर्च चालू राहणारा आहे आणि तो दुकानाच्याच नावावर असायला हवा. आपल्या अंदाजात तो मिसळला की दर हंगामात तो आपण भरत बसतो.

दुसरी अडचण पट्टीच्या पीडीएफची. प्रिंटरवर मराठी नीट उमटते म्हणून पीडीएफमध्ये नीट येईल असं नाही. जोडाक्षरं फुटतात, वेलांटी अक्षराच्या दुसऱ्या बाजूला जाते. ‘विठ्ठल’ नावाच्या शेतकऱ्याची पट्टी काढून बघितली की लगेच कळतं.

आणि खरी मेहनत मोबाईल नंबरात आहे. छापील पट्टीला नंबर लागत नाही, म्हणून शेतकऱ्यांच्या यादीत तो रकाना अर्धा रिकामा. तीन भावांच्या नावापुढे एकाच भावाचा नंबर. म्हणजे एकाच्या मालाचा हिशोब दुसऱ्याच्या फोनवर, आणि घरात भांडण. वजन दुरुस्त केल्यावर पट्टी बदलली, तर आधी गेलेल्या पट्टीचं काय? दुसरी पाठवायची, तर तिच्यावर ‘दुरुस्त’ असा शिक्का लागेल. संदेश गेलाच नाही, तर मुनीमजींना ते दिसणार कुठे?

हे सगळं मांडल्यावर पोरानेच तास काढले. पीडीएफला ८, मेटाची जोडणी १०, नंबरांची साफसफाई ६, न गेलेल्या संदेशांचा पडदा ६, चाचणी ६. एकूण ३६ तास. त्याचा दर तासाला ७००. म्हणजे २५,२०० आणि १८ टक्के जीएसटी ४,५३६, मिळून २९,७३६. (जीएसटी नोंदणी नसेल तर तो लावता येत नाही. काही पोरं सवयीने लावतात, तसं करू नका.)

इतकी रक्कम एकटी समोर ठेवली की नकार येतो, म्हणून सोबत एक स्वस्त वाटही शोधली. पट्टीच्या पडद्यावर एक बटण. ते दाबलं की wa.me ची लिंक उघडते, शेतकऱ्याचा नंबर आणि वजन, दर, कपात, निव्वळ रक्कम हा मजकूर आपोआप भरलेला येतो, आणि मुनीमजी स्वतः ‘पाठवा’ दाबतात. मर्यादा अशी की या लिंकने फक्त मजकूर जातो, पीडीएफ जोडता येत नाही, आणि प्रत्येक पट्टीला हात लावावा लागतो. पण मेटाचं काहीच लागत नाही. ६ तास, ४,२०० अधिक जीएसटी ७५६, एकूण ४,९५६.

मग मेल लिहिला. मराठीत, कारण तो शेठने स्वतः वाचायचा आहे.

विषय: पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवण्याबाबत: दोन पर्याय, आपला होकार हवा

"आदरणीय शेठ, सप्रेम नमस्कार.

मुनीमजींनी फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. पट्टीची रक्कम पूर्ण रुपयांत येणे, हे मी मूळ कामातच धरले आहे आणि करून दिले आहे.

पट्टी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणे हे मात्र ठरलेल्या कामात नाही (परिशिष्ट, मुद्दा ४: पट्टी तयार करणे व छापणे). त्यामुळे ते ठरलेल्या रकमेत करता येणार नाही. हंगामात शेतकऱ्याला पट्टी लगेच मिळाली तर आपल्याला सोयीचे होईल, हे मला समजते. म्हणून दोन पर्याय देत आहे.

पर्याय १: पडद्यावर बटण, मुनीमजी स्वतः पाठवतील, फक्त मजकूर. ४,९५६ रुपये जीएसटीसह. होकारानंतर ३ दिवस.

पर्याय २: पट्टीची पीडीएफ आपोआप जाईल. २९,७३६ रुपये जीएसटीसह. होकारानंतर ३ आठवडे, त्यात मेटाच्या मंजुरीला लागणारा वेळ धरलेला नाही. मेटाचे संदेशाचे शुल्क दुकानाने थेट भरायचे. शेतकऱ्यांचे नंबर तपासून देण्याचे काम दुकानाकडे राहील.

दोन्हीचा अंदाज १५ दिवस कायम राहील. हवा असलेला पर्याय याच मेलवर लिहून कळवावा, त्यानंतर काम सुरू करतो. निम्मी रक्कम आधी, निम्मी काम झाल्यावर.

मूळ काम ठरल्या तारखेला दुकानात सुरू होईल. शेवटचा हप्ता (२८,००० अधिक जीएसटी) त्या कामाचा आहे आणि तो या नव्या कामावर अवलंबून नाही. आपण कोणताही पर्याय घेतला नाही तरी मूळ काम आहे तसे पूर्ण होईल.

आपला,"

पोराला यातलं ‘ठरलेल्या रकमेत करता येणार नाही’ हे वाक्य कडक वाटत होतं. त्याला ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ असं काहीतरी घालायचं होतं. मी घालू दिलं नाही. आपल्याकडे ‘बघतो’ म्हटलं की समोरचा होकार धरून चालतो, आणि महिन्याने ‘तुम्हीच म्हणला होता की’ ऐकावं लागतं. सभ्यपणा बाकी मेलमध्ये भरपूर आहे, नकाराचं वाक्य मात्र सरळच हवं.

माझ्या मते सगळ्यात मोलाचा परिच्छेद शेवटचा आहे, आणि लोक नेमका तोच विसरतात. मुनीमजींनी बोलता बोलता नवी मागणी आणि जुना चेक एकाच दोरीत बांधले होते. ती गाठ लेखी सोडवली नाही, तर तुम्ही किंमत सांगा वा न सांगा, हप्ता अडकणार. शिवाय शेठला धमकी वाटू नये म्हणून तिथे ‘मूळ काम पूर्ण होईल’ हे आपल्या बाजूचं वचनही आहे.

‘याच मेलवर लिहून’ हेही मुद्दाम. मागणी मुनीमजींची, पण करार शेठशी. मुनीमजी फोनवर हो म्हणाले आणि शेठ बिल बघून ‘मी कुठं सांगितलं’ म्हणाले, तर दोघेही आपापल्या जागी खरे असतात. सही-शिक्क्याचा कागद मात्र लागेलच असं नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम १०अ प्रमाणे, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने करार अवैध ठरत नाही. शेठच्या मेलवरून आलेलं ‘पर्याय १ चालेल’ हे एवढ्या कामाला पुरेसं आहे.

मोठ्या कंपन्यांत याला ‘चेंज रिक्वेस्ट’ म्हणतात, त्याचा छापील नमुना असतो, नंबर असतो, मंजुरी देणारी समिती असते. आडतीवर तो नमुना पाठवला तर कुणी उघडणारही नाही. त्यातलं कामाचं तेवढं घ्यायचं: काय मागितलं, मूळ कामात का नाही, किती पैसे, किती दिवस, कोण हो म्हणणार.

मेल सकाळी गेला. संध्याकाळी शेठचा फोन आला, पोराला म्हणाले, "एवढं बारीक लिहिलाव, वकील हाव का काय?" पण हसत. मेलवर मुलाने एका ओळीत लिहिलं: पर्याय १ करा, दुसऱ्याचं पाडव्यानंतर बघू. पोराने त्याच दिवशी दोन बिलं वेगवेगळी पाठवली, एक जुन्या हप्त्याचं आणि एक बटणाच्या निम्म्या रकमेचं. जुन्याचा चेक अजून आलेला नाही. पण तो आता व्हॉट्सअ‍ॅपपायी अडलेला नाही, आणि आठवण करून द्यायचा फोन त्याने कालच केलाय.