चपट्या डोक्यावर पालथं झोपवणं हा उपाय नव्हे

"हल्ली डॉक्टर बाळाला उताणं झोपवायला सांगतात, म्हणून डोकी मागून चपटी होतात आणि मेंदूची वाढ खुंटते. बाळाला पालथं झोपवा, नाहीतर मोहरीची उशी द्या. महिन्याभरात डोकं गोल!"

यात थोडं खरं आहे, म्हणूनच हा संदेश पेडण्यापासून काणकोणपर्यंत फिरतोय. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९२ साली बाळांना पालथं न झोपवण्याचा सल्ला दिला आणि १९९४ पासून त्याची मोठी मोहीम झाली. त्यानंतर चपट्या डोक्याची बाळं खरंच जास्त दिसू लागली. पण त्याच काळात, साधारण दहा वर्षांत, तिथे झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. संदेश लिहिणाऱ्याने हे गाळलं आहे.

मेंदूची भीतीही निराधार आहे. एका जागी सतत दाब आल्याने मऊ कवटीचा आकार बदलतो, पण आतली जागा कमी होत नाही. मेंदू वाढतच राहतो.

आता मूळ कारणाकडे येऊ. नुसतं उताणं झोपण्यापेक्षा बाळ सतत एकाच बाजूला मान टाकून झोपतं, ते जास्त नडतं. मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. फोंड्याजवळच्या एका घरातून अडीच महिन्यांचं बाळ आलं होतं. डोकं मागून उजवीकडे सपाट होतं. वरून पाहिलं की उजवा कान आणि उजवं कपाळ किंचित पुढे सरकलेलं दिसे. घरी पाळण्याची डावी बाजू भिंतीला होती. खिडकी आणि आईची खाट, दोन्ही उजवीकडे. बाळ आपलं उजेडाकडे, आईकडे बघत राही. मी डावीकडे खुळखुळा वाजवला तर डोळे वळले, मान मात्र अर्ध्यावर थांबली. मानेचा डावा स्नायू आखडला होता.

आम्ही झोपण्याची पद्धत बदलली नाही. बाळ उताणंच झोपत राहिलं, फक्त पाळण्यात डोक्याच्या जागी पाय आणि पायांच्या जागी डोकं केलं. आता आई दिसायला मान डावीकडे वळवावी लागे. लंगोट बदलताना करायचा मानेचा हलका ताण आईला हाताला धरून शिकवला. मान काही आठवड्यांत मोकळी झाली. सपाटपणा भरायला वेळ लागला. पहिल्या वाढदिवसाला मुद्दाम शोधला तरच कळत होता. महिन्याभरात गोल होणारं हे काम नव्हे.

पालथं झोपवण्याबद्दल मात्र मी जराही तडजोड करणार नाही. पालथ्या बाळाचं नाक गादीत रुततं, स्वतःच सोडलेला श्वास ते पुन्हा आत घेतं, आणि अशा वेळी त्याला जागही सहज येत नाही. झोपेतल्या मृत्यूंचा सर्वाधिक धोका दोन ते चार महिन्यांत असतो, नेमका डोकं चपटं होण्याच्याच वयात. "उताणं असलं की दूध श्वासात जाईल" असं आज्या काळजीने म्हणतात. पण उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध खाली अन्ननलिकेतच परततं.

मोहरीची उशीही नको. ती नाकातोंडावर सरकू शकते, हनुवटी छातीला टेकली तर श्वासाची वाट आवळते, आणि शिवण उसवली की दाणे तोंडात जातात. तेल लावून डोकं दाबून गोल करणंही थांबवा. हलक्या हाताने तेल लावायला हरकत नाही. झोपायला सपाट, घट्ट गादी पुरे.

पालथं घालायचं ते बाळ जागं असताना आणि मोठं माणूस समोर बसलेलं असताना. घरी आल्यापासूनच सुरू करता येतं: दिवसातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी तीन ते पाच मिनिटं. सुरुवातीला आईच्या किंवा आजीच्या छातीवर, मग जमिनीवर चटई घालून. दूध पाजल्यावर लगेच नको. बाळ रडलं तर उचला, थोड्या वेळाने पुन्हा घाला. दोन महिन्यांच्या सुमारास दिवसभरात मिळून पंधरा ते तीस मिनिटं व्हावीत. त्यात डुलकी लागली तर लगेच उताणं करा. पुढे बाळ दोन्ही बाजूंनी आपणहून वळू लागलं की झोपवताना उताणंच ठेवा. रात्री ते स्वतः पालथं पडलं तर उठून उलटवायची गरज नाही.

डॉक्टरांकडे कधी जायचं? मान एका बाजूला वळतच नसेल किंवा दोन महिने जागा बदलूनही सपाटपणा वाढत असेल, तर दाखवा. डोकं जन्मापासूनच वेडंवाकडं असेल, कवटीच्या सांध्यावर हाताला कडक उंचवटा लागत असेल किंवा सपाट बाजूचा कान पुढे नसून मागे ओढलेला दिसत असेल, तर थांबू नका. तिथे कवटीचा सांधा वेळेआधी जुळल्याची शंका असते आणि त्याला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागते. आपल्या बालरोगतज्ज्ञांना किंवा बांबोळीला गोमेकॉच्या बालरोग विभागात दाखवा.