‘भात बंद, चपाती पोटभर’: मधुमेहींच्या ताटाचा चुकलेला हिशेब

“मधुमेह असेल तर भात आजपासून बंद. चपाती गव्हाची आहे, ती पोटभर खा. डाळ म्हणजे नुसते प्रोटीन, तिचा हिशेब नको. भाजी कोणतीही चालते. अर्धे ताट भाजी, पाव ताट डाळ ही अमेरिकन पद्धत आपल्या जेवणाला लागू होत नाही. महिनाभरात गोळ्या सुटतील.”

हा संदेश माझ्या मावशीला तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला आणि तिने तो तंतोतंत पाळला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. दुपारचा भात तिने सोडला, त्याच्या जागी दोन चपात्या वाढवल्या आणि जेवणानंतरची साखर चढलेली पाहून आपलाच आजार बळावला अशी समजूत करून घेतली. चूक तिच्या आजारात नसून संदेशातल्या हिशेबात आहे.

सर्वांत जास्त नुकसान चपातीच्या वाक्याने होते. सुमारे ३० ग्रॅम कणकेच्या मध्यम चपातीत साधारण २० ग्रॅम कर्बोदके असतात, आणि एका मध्यम वाटीतल्या शिजलेल्या भातात साधारण ३०. मावशीचे पूर्वीचे जेवण म्हणजे तीन चपात्या, वाटीभर भात, पातळ वरण, बटाट्याची भाजी आणि चमचाभर कोशिंबीर. चपात्यांचे ६०, भाताचे ३०, बटाट्याचे १५ ते २० आणि वरणाचे सातआठ असे धरले, तर एका जेवणात जवळपास ११५ ग्रॅम कर्बोदके पोटात जात होती. भात काढून पाच चपात्या केल्यावर हाच आकडा १२५ च्या आसपास गेला. ताटातला भात दिसेनासा झाला, पण रक्तात साखर होऊन उतरणारा ऐवज वाढला. कोंड्यासकट दळलेल्या कणकेत तंतुमय भाग पांढऱ्या तांदळापेक्षा जास्त असतो हे खरे, पण तेवढ्याने दोन जादा चपात्या भरून निघत नाहीत. ज्वारीच्या भाकरीचेही तेच. एका जाडसर भाकरीला ६०–७० ग्रॅम पीठ सहज लागते, म्हणजे ती दोन चपात्यांच्या बरोबरीची आहे, आणि तरीही ती मोजताना ‘एकच तर खाल्ली’ असे म्हटले जाते.

याला भक्कम आधार भारतातलाच आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी ‘इंडियाब’ पाहणीचे आहाराविषयीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात आले. आपल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते असे त्यात दिसले. पांढरा तांदूळ व मैद्यासारख्या धान्यांच्या जागी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ धरले, पण एकूण कर्बोदके तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी दिसत नाही, हा त्यातला आपल्या कामाचा निष्कर्ष आहे. पाहणी धोक्याविषयी आहे, मधुमेह झालेल्यांच्या पथ्याविषयी नाही, ही मर्यादा मान्य करूनही धान्य बदलून प्रमाण तसेच ठेवण्याचा सल्ला तिच्यापुढे टिकत नाही.

अर्धसत्य एवढेच, की पांढऱ्या तांदळाचा भात साखर लवकर चढवतो आणि तो नकळत जास्त वाढून घेतला जातो. मऊ, गरम भातावर पातळ वरण घेतले की दोन वाट्या कधी संपल्या ते कळत नाही. म्हणून भात मोजून घ्यावा, हे बरोबर. बंदच करावा, हे यातून निघत नाही.

आता पद्धतीविषयी. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन ती शिकवते हे खरे आहे. नऊ इंचांची थाळी घ्यायची, अर्ध्या भागात पिष्टमय नसलेल्या भाज्या, पाव भागात प्रथिने आणि पाव भागात धान्य किंवा इतर पिष्टमय पदार्थ, सोबत पाणी. आपल्याकडे ती फसते ती दोन ठिकाणी, आणि दोन्हींवर उपाय आहे. पहिले म्हणजे घरातले स्टीलचे ताट बहुधा बारा इंचांचे असते. त्याचे क्षेत्रफळ नऊ इंची थाळीच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक भरते, त्यामुळे त्या ताटातला पाव भाग म्हणजे लहान थाळीचा जवळपास अर्धा भाग. पट्टी घेऊन एकदा ताट मोजावे आणि मोठे असल्यास जेवायला नाश्त्याची थाळी घ्यावी. दुसरी अडचण चपातीची. ती घडी करून एकावर एक ठेवली की चार चपात्याही पाव भागात मावतात, आणि वरण-आमटी तर वाटीत असल्याने ताटावर जागाच घेत नाही. म्हणून भाजीसाठी जागा पाहावी, चपाती आकड्याने आणि भात-डाळ वाटीने मोजावी.

मावशीचे ताट याप्रमाणे पुन्हा मांडले, तर धान्याच्या पाव भागात एक चपाती आणि अर्धी वाटी भात मिळून येतात. दोन्ही खायची सवय असलेल्याने दोन्ही खावे, पण पाव भाग एकच, हे धरून. अर्ध्या भागात मेथी, दुधी, दोडका, कोबी, भेंडी यांपैकी एखादी भाजी आणि काकडी-टोमॅटोची भरपूर कोशिंबीर. उरलेल्या पाव भागासाठी वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ आणि अर्धी वाटी दही. मांसाहारी घरात मासा किंवा अंडे. कर्बोदके साधारण ६०–६५ ग्रॅमवर येतात, म्हणजे आधीच्या निम्म्याच्या आसपास, आणि ताट रिकामे दिसत नाही.

डाळीबाबत मात्र संदेश साफ चुकीचा आहे. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीच्या घट्ट वरणात सुमारे ७ ग्रॅम प्रथिने असतात आणि कर्बोदके त्याच्या दुपटीहून अधिक. पातळ वरणात डाळच निम्मी, त्यामुळे प्रथिनेही जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम. त्याने प्रथिनांचा पाव भाग भरत नाही. डाळ घट्ट करावी आणि वाटीने मोजावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञच ठरवतील.

बटाटा, रताळे, साबुदाणा, मका आणि मटार धान्याच्या पाव भागात मोजावेत. बटाट्याची भाजी केली तर त्या दिवशी एक चपाती कमी, इतके सोपे आहे.

नवे ताट जमले की नाही हे ग्लुकोमीटर सांगतो. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा साखर पाहावी. बहुतेक प्रौढांसाठी नंतरचा आकडा १८० च्या आत असावा असे धरतात. वयस्करांसाठी किंवा गरोदर स्त्रियांसाठी डॉक्टर वेगळा आकडा देतात. आकडा वर राहिला तर आधी भात-चपातीचे माप पाहावे.

राहिल्या गोळ्या. ताट बदलल्याने काहींचे औषध कमी होते, पण ते कमी करण्याचा निर्णय आकडे पाहून डॉक्टर घेतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना कर्बोदके एकदम निम्म्यावर आणली, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. हात थरथरणे, घाम फुटणे, छातीत धडधडणे आणि अचानक कडकडून भूक लागणे ही त्याची लक्षणे. साखर ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावी. अशी औषधे घेणाऱ्याने नवे ताट सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून मात्रा ठरवून घ्यावी. गोळी आपणहून बंद करू नये आणि ताटही न सांगता बदलू नये.