खोटा टायमर कसा पकडायचा

«ऑनलाइन जाहिरातीत ऑफर संपायला उरलेला वेळ दाखवणारा टायमर खरा की खोटा, हे ग्राहकाने ओळखायचं कसं?»

जाहिरातीची लिंक दोन फोनवर पाच मिनिटांच्या अंतराने उघडा. मुदत खरी असेल तर दोन्हीकडे सारखाच वेळ उरलेला दिसेल. दुसऱ्या फोनवर मोजणी पुन्हा पहिल्यापासून, समजा १५ मिनिटांपासून, सुरू झाली, तर घड्याळ पान उघडल्यापासून चालतंय, मुदत अशी नाहीच. ‘फक्त ३ शिल्लक’ लिहिलं असेल तर कार्टमध्ये दहा टाका. पेमेंटच्या पानापर्यंत दहाही गेले तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. (नकार आला तरी टंचाई सिद्ध होत नाही, दर ग्राहकामागे मर्यादा असू शकते.) २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांत ही खोटी घाई ‘डार्क पॅटर्न’, म्हणजे ग्राहकाला फसवणारी मांडणी, ठरली आहे. स्क्रीनशॉट जपा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. आणि विक्रेत्यांनो, टायमर परत सुरू झालेला एकदा पाहिला की तो ग्राहक तुमची दिवाळीची खरी शेवटची तारीखही मानत नाही.