कॉट बेसिसवरची कॉफी

सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एक कॉट आणि अर्धे कपाट एवढेच साम्राज्य येते. त्यामुळे कॉफीचे साहित्य जमवताना कोणती वस्तू चवीत किती भर घालते, हे पाहूनच मी प्रत्येकीला कपाटात जागा दिली.

पहिला मान ताज्या भाजलेल्या बियांचा. चिकमगळूरकडच्या, चिकोरी न मिसळलेल्या आणि पाकिटावर भाजल्याची तारीख छापलेल्या बिया हव्यात, कारण शिळ्या बियांचा उडालेला सुगंध कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही.

दुसरा मान हाताने फिरवायच्या ग्राइंडरचा. मिक्सरचे पाते बिया दळत नाही, फोडते. मग बारीक पिठातून कडवटपणा आणि जाड तुकड्यांतून आंबटपणा एकाच पेल्यात उतरतो. (शिवाय घरमालक काकूंच्या मिक्सरमधून निघालेल्या चटणीला कॉफीचा वास आला, तर मुक्काम हलवावा लागतो.) दातेरी चक्कीच्या ग्राइंडरमधून दाणा बराचसा एकसारखा पडतो. मात्र पहाटे त्याची घरघर ऐकून जागा झालेला रूम पार्टनर तडजोड म्हणून एक पेला मागतो आणि दळण दुप्पट होते.

तिसरा वजनकाटा. चमच्याचा भरवसा नाही, कारण हलक्या भाजलेल्या बिया घट्ट असतात आणि गडद भाजलेल्या फुगलेल्या, त्यामुळे तोच चमचा निराळे वजन भरतो. पार्टनरने या काट्यावर मेसची पोळी मोजून मेसवाल्या मावशींशी वाद घातला, हा त्याचा जोडउपयोग.

पाण्याचा क्रमांक चौथा. टँकरचे जड पाणी आले की कॉफीतील आंबटगोड छटा दबतात, म्हणून त्या दिवशी पिण्याच्या जारला हात घालावा.

कॉफी करण्याचे भांडे मात्र पार खाली, कारण स्टीलचा पेला पुरतो. त्यात मध्यम जाड दळलेली 15 ग्रॅम कॉफी घेऊन उकळी नुकतीच बसलेले 240 ग्रॅम पाणी ओतावे, चार मिनिटांनी वर जमलेला थर चमच्याने मोडून फेस काढावा आणि गाळ तळाशी बसेपर्यंत आणखी काही मिनिटे थांबून गाळणीतून अलगद ओतावे. कॉफी भिजतच ठेवायची असल्याने धार कशी पडते याला फारसे महत्त्व नाही. म्हणून बगळ्याच्या मानेची ती महागडी किटली माझ्या यादीत शेवटची आहे. साधी विजेची किटली काकूंनी ‘घशासाठी गरम पाणी’ या सदराखाली मंजूर केली आहे.

कॉफी आंबट आणि पातळ लागली तर पुढच्या वेळी दळण थोडे बारीक करावे, कडू लागून जीभ कोरडी पडली तर जाड; वजन आणि वेळ तेवढीच ठेवावी, म्हणजे फरक कशाने पडला ते कळते. पार्टनर दोन्ही दोषांवर दोन चमचे साखर घालतो आणि यादीत साखरेला पहिला क्रमांक का नाही, असे विचारतो.